‘चांगल्या माणसांच्याच वाट्याला दुःख का?’ : या विषयावर प्रवचन घेताना या चुका टाळा

संध्याकाळच्या प्रवचनाला हा विषय लावला की एरवी न फिरकणारी माणसंही येतात. त्यांतली काही विषय ऐकायला आलेली नसतात. कुणाचा तरणाताठा मुलगा गेलेला असतो, कुणाच्या घरी वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेलं माणूस असतं. वक्त्याची तयारी मात्र जिज्ञासूंसाठी झालेली असते: संचित, प्रारब्ध, क्रियमाण यांच्या व्याख्या, एखाददुसरी कथा, शेवटी श्रद्धा ठेवा. व्याख्या चुकत नाहीत. गाडी अडते ती प्रश्नोत्तरांत.

नियम सांगता सांगता निकाल देणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती नकळत होते. संचितापैकी जेवढा वाटा या जन्मी भोगायला आला, ते प्रारब्ध. इथपर्यंत ठीक. पण पुढचं वाक्य ‘म्हणजे त्यांनी मागे काहीतरी केलं असणारच’ असं निघालं, की आपण सिद्धांत सोडून एका माणसावर आरोप ठेवलेला असतो. कारणाशिवाय फळ नाही, एवढंच सिद्धांत सांगतो. अमक्याच्या आजाराचं कारण कोणतं, हे तो सांगत नाही. ‘गहना कर्मणो गतिः’ असं गीतेच्या चौथ्या अध्यायातच म्हटलंय (4.17). जी गती गहन म्हणून सांगितली, ती शेजारच्याच्या बाबतीत आपल्याला स्पष्ट दिसते असा आव आणायचं काही कारण नाही.

तपासायचा उपाय सोपा आहे. आपलं टिपण घ्या आणि त्यातलं प्रत्येक वाक्य, जिचं मूल नुकतंच गेलंय अशा आईकडे पाहून मोठ्यानं म्हणा. जिथे जीभ अडखळेल ते वाक्य खोडा. ‘देव आपल्या लाडक्यांचीच परीक्षा पाहतो’ हे वाक्य यात हमखास सापडतं.

शेवट गोड असलेली कथा निवडणं

या विषयाला हरिश्चंद्राची कथा अगदी हाताशी असते. पण तिथे शेवटी रोहिदास जिवंत होतो, राज्यही परत मिळतं. ज्याचं माणूस परत येणार नाही, त्याला या कथेतून काय मिळणार? मी आदिपर्वातली मांडव्याची कथा घ्यायला सांगेन, आणि पूर्ण सांगायला सांगेन.

मांडव्य ऋषी मौन धरून तप करत असतात. चोर लुटीचा माल त्यांच्या आश्रमात लपवतात आणि स्वतःही तिथेच दडतात. राजाचे शिपाई येऊन विचारतात, ऋषी मौन सोडत नाहीत. मुद्देमाल सापडतो आणि चोरांबरोबर ऋषींनाही सुळावर चढवलं जातं. ते मरत नाहीत. राजाला चूक कळते, तो पाया पडतो, पण सूळ काही निघत नाही. शेवटी तो कापावा लागतो आणि आतला तुकडा शरीरातच राहतो. म्हणून पुढे त्यांना अणीमांडव्य म्हणतात.

मग हे ऋषी थेट धर्माकडे जातात आणि विचारतात, माझं असं कोणतं कर्म होतं? धर्म सांगतो, तू लहानपणी किड्यांच्या शेपटीत गवताच्या काड्या खुपसल्या होत्यास.

बरेच वक्ते इथे थांबतात आणि ‘पाहा, कर्म कुणाला सोडत नाही’ म्हणून मोकळे होतात. त्यानं कथेचा अर्थच उलटा होतो. कारण मांडव्य हे उत्तर मान्य करत नाहीत. एवढ्याशा अपराधाला एवढी मोठी शिक्षा दिलीस, असं म्हणून ते धर्मालाच शाप देतात आणि मर्यादा घालतात: चौदा वर्षांपर्यंतच्या मुलानं केलेल्या कर्माचं पाप लागणार नाही. म्हणजे ज्यानं सोसलं त्यानं जाब विचारला आणि नियम बदलला. ‘असं का?’ असं विचारणं म्हणजे अश्रद्धा नव्हे, हे श्रोत्याला या कथेतून आपोआप कळतं.

मात्र एका प्रश्नाची तयारी ठेवा. धर्मानं शूद्र योनीत जन्म घ्यावा असा तो शाप आहे आणि त्यातूनच विदुर जन्मतो. ‘तो जन्म शिक्षा कसा?’ असं कुणीतरी विचारेल, आणि रास्त विचारेल. सारवासारव करू नका. त्या काळची जातीची उतरंड ग्रंथात उतरलीय, ती मला मान्य नाही, असं सरळ सांगा. आणि त्याच ग्रंथात राजसभेत सगळ्यांत शहाणं बोलणारा माणूस विदुरच आहे, हेही सांगा.

सगळ्या प्रश्नांना एकाच मापानं उत्तर देणं

‘जगात एवढं दुःख का?’ आणि ‘माझ्या बहिणीलाच का?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ‘माझा’, ‘आमची’ असे शब्द आले, आवाज खाली गेला, किंवा प्रश्नाआधी लांबलचक हकिगत आली, तर व्यासपीठावरून सिद्धांत सांगू नका. ‘याचं कारण मला ठाऊक नाही. नंतर आपण बसून बोलू का?’ एवढं पुरे. आणि नंतर खरोखर थांबा. म्हणूनच दीड तासाच्या सत्रात बोलणं पाऊण तासात आटपावं. चिठ्ठ्यांवर प्रश्न घेत असाल तर त्या आधी स्वतः वाचा. कुणाच्या घरचं दुःख सभेत मोठ्यानं वाचलं जायला नको.

जिज्ञासूचे प्रश्न मात्र टाळू नयेत. ‘देव दयाळू आहे, मग हा भेदभाव का?’ ब्रह्मसूत्रांत (2.1.34) हाच आक्षेप घेतलाय: ईश्वरावर पक्षपाताचा आणि निर्दयपणाचा दोष येतो. उत्तर असं की तो कर्मानुसार फळ देतो. शंकराचार्य पावसाचं उदाहरण देतात: पाऊस सगळ्यांना सारखाच, भात उगवेल की जव हे बियाण्यावर. यावर चलाख श्रोता विचारतो, ‘मग पहिलं कर्म कुठून आलं?’ पुढच्याच सूत्रात हा प्रश्न आहे आणि तिथे संसार अनादी आहे असं उत्तर दिलंय. माझ्या मते यानं प्रश्न सुटत नाही, मागे सरकतो. तसं कबूल केल्यानं वक्त्याचं वजन कमी होत नाही.

‘तान्ह्या बाळानं काय पाप केलं?’ इथे चौदा वर्षांचा नियम पुढे करून सुटका होणार नाही. तो याच जन्मातल्या कर्माबद्दल आहे आणि श्रोता लगेच पूर्वजन्म काढेल. सिद्धांत पूर्वजन्माकडे बोट दाखवतो हे सांगावं, आणि या बाळाबद्दल मला काहीही माहीत नाही, हेही लगोलग सांगावं.

‘त्याचं प्रारब्धच आहे, तर मदत कशाला?’ याला उत्तर पक्कं आहे. प्रारब्ध त्याचं, ते पाहून मी काय करतो ते माझं क्रियमाण. त्याच्या भोगाची अंमलबजावणी करायला मला कुणी नेमलेलं नाही.

रागावलेल्याला गप्प करणं

वनपर्वात द्रौपदी विधात्यालाच दोष देते: माणसं लाकडी बाहुल्यांसारखी, तो हवी तशी नाचवतो. युधिष्ठिर तिला म्हणतो, तू नास्तिकपणाचं बोलतेस. त्याचं पुढचं म्हणणं मोलाचं आहे, की फळाच्या आशेनं धर्म पाळणारा हा धर्माचा व्यापारी. पण सुरुवातीचा शेरा आपण उचलायचा नाही. द्रौपदी नंतर सांगते, मी दुःखानं बोलतेय, आणि तरीही तिचं म्हणणं ती पुढे चालूच ठेवते. सभेत कुणी देवावर चिडून बोललं तर त्याला तेवढी मोकळीक द्या.

बहुतेकदा त्रास वक्त्यापेक्षा शेजारच्या खुर्चीकडून होतो. चिडलेला माणूस बोलायचा थांबला की कुणीतरी समजुतीच्या सुरात म्हणतं, ‘मागच्या जन्मीचं असतं हो.’ तेव्हा लगेच मध्ये पडायचं: ‘ते आपल्यापैकी कुणालाच माहीत नाही. त्यांचं बोलणं पूर्ण होऊ दे.’