पांढरी काठी दिसली की ड्रायव्हर हमखास करतात त्या चुका

लर्निंग लायसन्सच्या परीक्षेत एक प्रश्न असतो. अंध व्यक्ती पांढरी काठी घेऊन रस्ता ओलांडत असेल तर चालकाने काय करावं? उत्तर असं, की ती काठी म्हणजे गाडी थांबवण्याची खूण समजावी. गिरीपेठच्या आरटीओत पोरं याचं उत्तर न वाचता बरोबर देतात. पुढे तीच पोरं माझ्या शेजारी स्टिअरिंग धरून बसतात, समोर काठीवाला माणूस येतो, आणि पहिला हात जातो हॉर्नवर. मी नागपुरात गाडी शिकवतो, त्यामुळे हे मला रोज बघावं लागतं. थांबायचं हे सगळ्यांना पाठ आहे. कुठे थांबायचं, किती वेळ थांबायचं आणि थांबल्यावर काय करायचं नाही, हे मात्र त्या प्रश्नात नाही, आणि सगळा घोळ तिथेच होतो.

हॉर्न

अंध माणूस रस्ता ओलांडतो तो कानांनी. रस्त्याच्या काठावर उभा राहून तो आवाज ऐकत असतो. त्याला ज्या दिशेने जायचं आहे त्याच दिशेने शेजारून जाणाऱ्या गाड्या एकदम सुटल्या, की आडव्या गाड्या आता थांबल्या असणार, असा तो अंदाज बांधतो. आपल्याकडे बहुतेक सिग्नलवर बोलणारी किंवा टिकटिकणारी यंत्रणा नसते, म्हणून व्हरायटी चौकासारख्या ठिकाणी त्याचा सगळा भरवसा या ऐकण्यावरच असतो. तुम्ही जवळून हॉर्न दाबला की मधले काही क्षण त्याला दुसरं काही ऐकूच येत नाही.

शिवाय त्या हॉर्नचा अर्थ काय लावायचा? नागपुरात हॉर्न म्हणजे ‘सरक’, ‘थांब’, ‘मी आलो’, ‘जा ना बाप्पा’, काहीही असू शकतं. डोळस माणूस वळून बघतो आणि ठरवतो. अंध माणूस एकतर जागीच थिजतो नाहीतर दचकून मागे सरतो, आणि मागे कोण आहे हे तुम्हालाही ठाऊक नसतं. माझ्या गाडीत नियम आहे: काठी दिसली की अंगठा हॉर्नवरून काढायचा. मागचे वाजवतात. वाजवू द्या.

इलेक्ट्रिक स्कूटर आणि ई-रिक्षावाल्यांची अडचण याच्या उलट. हळू वेगात तुमची गाडी जवळजवळ ऐकूच येत नाही, म्हणजे त्याच्या दृष्टीने तुम्ही रस्त्यावर नाहीच. तिथेही उपाय हॉर्न नाही. चालण्याच्या वेगावर या, अंतर ठेवा, आणि अगदी शेजारून जायचंच असेल तर तोंडाने सांगा: ‘काका, उजव्या हाताला स्कूटर आहे.’

‘जा ना काका, जा!’

ही माझी सगळ्यात नावडती चूक, कारण ती चांगल्या मनाची माणसं करतात.

लक्ष्मीनगरच्या आठ रस्ता चौकाजवळची गोष्ट. पावसाळ्याचे दिवस, सिमेंट रोड ओला. गाडी चालवत होता एक इंजिनिअरिंगचा पोरगा, हात चांगला होता त्याचा. डाव्या कडेला एक काका घडीची पांढरी काठी टेकवून उभे. पोराने वेळेत वेग कमी केला, नीट अंतर ठेवून थांबला, हॉर्न नाही. मी शाबासकी देणार तेवढ्यात त्याने हात हलवून काकांना ‘जा’ अशी खूण केली. काका उभेच. त्याने आणखी मोठा हात हलवला. मी त्याच्या तोंडाकडे बघतोय, आणि याने डावी काच खाली करून ओरडून सांगितलं, ‘जा ना काका, जा!’

काका निघाले. तेवढ्यात आमच्या उजवीकडून, गाडी आणि डिव्हायडरच्या मधल्या फटीतून, एक स्कूटर आली. मागून येणाऱ्याला दिसते फक्त उभी कार आणि शेजारची मोकळी जागा. कारपुढून कोण निघालं आहे ते कारनेच झाकलेलं असतं. माझ्या पायाशी शिकवणीचा जादा ब्रेक होता, पण आमची गाडी उभीच होती, तो दाबून काय होणार? स्कूटरवाल्याने ब्रेक मारला, चाक ओल्या सिमेंटवर सरकलं, काकांनी अंग मागे घेतलं आणि चाक काठीवरून गेलं. ‘दिसले नाही भाऊ,’ म्हणाला आणि गेला.

काकांना लागलं नाही. पण या काठ्या ॲल्युमिनियमच्या नळ्यांच्या असतात, आतून इलास्टिकची दोरी ओवलेली. एक नळी वाकली की ती पुढच्या नळीत बसत नाही, आणि अख्खी काठी लुळी पडते. काकांनी बोटांनी सांधा चाचपला, दोनदा बसवून पाहिला. मग शांतपणे म्हणाले, ‘तुमची गाडी थांबली ते मले ऐकू आलं होतं. बाजूनं अजून कोणी येते का, तेच ऐकून राहिलो होतो. तुम्ही जा म्हटलं म्हणून पाय टाकला.’ काठीशिवाय ते घरी जाणार कसे? त्यांना मागे बसवून प्रतापनगरला सोडून आलो आणि त्या दिवशीची शिकवणी तिथेच संपली.

त्या पोराने चूक नेमकी काय केली? काकांचा अंदाज नीट चालला होता, तो मोडून त्याने त्याजागी स्वतःचा अंदाज दिला, आणि तो देताना उजवा आरसा पाहिलाच नाही. तुम्ही तुमच्या एका गाडीपुरतं बोलू शकता. बाकीच्या रस्त्याची हमी तुमच्या हातात नसते. म्हणून थांबा आणि गप्प बसा. त्याला वेळ लागेल, कधी तो निघणारही नाही, कारण चालू इंजिनचा आवाज ऐकून ही गाडी थांबून राहणार की आत्ता सुटणार, हे त्याला कळत नसतं. अशा वेळी मी इंजिन बंद करतो. आजच्या गाड्यांना परत चालू व्हायला सेकंद लागतो, पण नव्या पोरांना तो सेकंदही जड जातो.

हात हलवायचाच असेल तर मागच्यांसाठी हलवा. माझी सवय अशी: काठी लांबून दिसली की ब्रेकला दोन हलके टोले, म्हणजे मागचे दिवे लुकलुकतात. मग उजवा हात खिडकीबाहेर काढून तळवा खाली ठेवून वर-खाली, आणि थांबताना हात कोपरात सरळ वर. आजकाल हे हातवारे फक्त परीक्षेपुरते उरलेत, पण त्या फटीतून घुसू पाहणारा स्कूटरवाला इंडिकेटरपेक्षा बाहेर आलेल्या हाताला जास्त घाबरतो.

झेब्रावर नाक घालून थांबणं

‘थांबलो ना सर!’ थांबलास, पण कुठे? काठी चालवणारा माणूस ती खांद्यापेक्षा थोडी जास्त रुंद फिरवतो, आणि टोक साधारण एक पाऊल पुढे असतं. त्याने काठावर पाय जुळवून, अंग सरळ करून एक रेघ धरलेली असते. मधे तुमचा बंपर लागला की त्याला वळसा घ्यावा लागतो, आणि वळसा घेतल्यावर ती रेघ परत सापडत नाही. तो नकळत तिरका जातो, बरेचदा चौकाच्या मधोमध. आठ रस्ता चौकात तर आवाज सगळीकडून येतात, तिथे सुटलेली दिशा कानाने परत धरणं फार अवघड. आणि काठी बंपरला लागली म्हणून खाली उतरून ओरखडा शोधणारे महाभागही मी पाहिलेत.

उपाय सोपा आहे: सीटवर बसल्या बसल्या त्या माणसाचे पाय दिसले पाहिजेत. पाय बॉनेटआड गेले म्हणजे तुम्ही फार जवळ आहात. मोठ्या एसयूव्हीत हे अंतर आणखी वाढवावं लागतं. आणि तो तुमच्या गाडीसमोरून सरकला म्हणजे काम झालं असं नाही. पलीकडच्या कडेला किंवा डिव्हायडरवर पोचेपर्यंत क्लच सोडायचा नाही. अर्ध्यातून तो परत फिरू शकतो.

बाकीच्या, थोडक्यात

फूटपाथवर गाडी लावू नका. त्या गट्टूंवरून तो सरळ येत असतो, तुमच्या गाडीमुळे त्याला रस्त्यावर उतरावं लागतं.

हातगाडीतून किंवा ट्रॉलीतून मागे निघालेल्या सळया काठीला लागत नाहीत. काठी खालून जाते आणि सळई थेट तोंडावर येते.

मदत करायला उतरलात तर दंड धरून ओढू नका, काठीला तर हातच लावू नका. आधी विचारा. हो म्हणाले तर तुमचं कोपर पुढे करा, ते धरतील आणि अर्धं पाऊल मागून चालतील. पलीकडे पोचल्यावर ‘आता मी निघतो’ हे बोलून सांगा, नाहीतर तो माणूस हवेशी बोलत उभा राहतो.

‘काठी आहे अन् मोबाइल बघून राहिला, नाटक आहे सर!’ नाटक नाही. काठी वापरणाऱ्या बऱ्याच जणांना थोडंफार दिसतं. कुणाला फक्त मधलं दिसतं, कुणाला दिवसा दिसतं आणि अंधार पडला की काठी उघडावी लागते. तुमची गाडी त्याला दिसते की नाही हे ठरवणारे तुम्ही कोण?

म्हातारी माणसं आणि पोरं

म्हाताऱ्यांच्या बाबतीत घोळ होतो तो सिग्नल सुटताना. पायी चालणाऱ्यांचा वेळ साधारणपणे सेकंदाला 1.2 मीटर चाल धरून काढतात. गुडघे दुखणाऱ्या आजी 0.8 नेच चालतात. 15 मीटरचा रस्ता पहिल्या हिशोबाने साडेबारा सेकंदांत संपतो, आजींना जवळजवळ एकोणीस लागतात. म्हणजे मेडिकल चौकात तुमचा दिवा हिरवा होतो तेव्हा आजी अजून रस्त्यात असतात, आणि पायाखाली बघत असल्यामुळे दिवा बदललेला त्यांना कळलेलाही नसतो. हिरवा पडला म्हणून लगेच उडी मारू नका. आधी डावीकडून उजवीकडे नजर फिरवा, मग सुटा.

पोरांच्या बाबतीत एकच सांगतो. लहान पोराला गाडी दिसते, पण ती किती वेगात येते आहे हे कळत नाही, आणि उभ्या व्हॅनच्या मागे ते तुम्हाला दिसतही नाही. म्हणून शाळेजवळ किंवा गोळ्याच्या ठेल्याजवळ गाड्या उभ्या असतील तर मी वेग 20 वर आणतो आणि त्यांच्या चाकांमधून खाली पाय दिसतात का ते बघतो. 40 च्या वेगात तुम्हाला ब्रेक सुचेपर्यंतच गाडी 11 मीटर पुढे जाते, 20 ला तेच अंतर निम्मं होतं. एक पोरगं पळालं की त्याच्या मागे दुसरं येतंच, तेव्हा पहिलं गेलं म्हणून ॲक्सिलरेटर दाबू नका. आणि संक्रांतीच्या आठवड्यात महाल-इतवारीच्या गल्ल्यांत ‘ओ काट’ ऐकू आलं की पाय थेट ब्रेकवर. ती पोरं आकाशाकडे बघत पळत असतात, रस्ता त्यांच्या गावीही नसतो.