गुण जुळत नाहीत म्हणून प्राचार्यांना अर्ज करताना

आधी स्क्रीनशॉट, अर्जाचा कागद नंतर. पोर्टलवर गुण चुकलेले दिसले की आपण घाईत तेवढीच ओळ कापून ठेवतो. मागच्या वेळी मीही तेच केलं होतं. परीक्षा विभागातल्या मॅडमनी तो तुकडा पाहून पहिला प्रश्न विचारला, "हा निकाल कुणाचा?" त्यावर ना नाव होतं, ना आसन क्रमांक, ना तारीख. तोवर पोर्टलवरचं पानही बदललेलं होतं.

म्हणून स्क्रीनशॉट पूर्ण पानाचाच घ्या. नाव, आसन क्रमांक, परीक्षेचं सत्र, विषयाचा कोड आणि चुकलेला आकडा, सगळं एकाच चित्रात आलं पाहिजे. मोबाइलवर उजवीकडचे रकाने बऱ्याचदा पडद्याबाहेर राहतात, तेव्हा ब्राउझरमध्ये 'डेस्कटॉप साइट' चालू करा. त्याहून बरं म्हणजे संगणकावरून पान पीडीएफ करून ठेवा आणि छपाईच्या खिडकीत शीर्षटीप व तळटीप चालू ठेवा, म्हणजे तारीख आणि पानाचा पत्ता आपोआप कागदावर येतो. मूळ फाइल जपा. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेल्या चित्राचं नाव बदलतं आणि अक्षरं पुसट होतात.

आता तफावत नेमकी कुठे आहे ते शोधा, कारण मागणी त्यावर ठरते. समजा, विभागाच्या फलकावर अंतर्गत गुण 20 पैकी 17 होते आणि पोर्टलवर 7 दिसतात. लेखीचे 80 पैकी 41 आहेत. मग पोर्टलवरची बेरीज पाहा. ती 58 असेल तर बेरीज 17 धरूनच झालेली दिसते आणि गडबड बहुधा नुसत्या दिसण्यात आहे. ती 48 असेल तर नोंदच 7 ची झाली असावी. जिथे अंतर्गत गुणांत स्वतंत्रपणे 40 टक्के लागतात तिथे किमान 8 हवेत, म्हणजे या एका आकड्यामुळे तुम्ही नापास दिसता. हे अर्जात स्पष्ट लिहा. मात्र त्याआधी विषयाचा कोड पडताळा. सारख्या नावाचे दोन विषय असले की भलत्याच ओळीवरून तक्रार केली जाते.

अंतर्गत गुण महाविद्यालयाकडून जातात, त्यामुळे तिथे प्राचार्यांचा अर्ज कामाचा. त्यात "अंतर्गत गुणांची मूळ नोंद तपासून दुरुस्ती पाठवावी" असं मागा. लेखीच्या गुणांचं तसं नाही. उत्तरपत्रिकेतली बेरीज आणि न तपासलेला प्रश्न बघायचा असेल तर गुणपडताळणी, उत्तरं पुन्हा तपासून हवी असतील तर पुनर्मूल्यांकन. विद्यापीठाच्या परीक्षेत या दोन्हींचे अर्ज आणि शुल्क वेगळे असतात, मुदतही ठरलेली असते. प्राचार्यांना पत्र दिलं म्हणून ती मुदत थांबत नाही! पत्राच्या उत्तराची वाट पाहत बसू नका, अर्ज समांतर भरा.

पत्र एका पानाचं पुरे. "मा. प्राचार्य", विषयाची एक ओळ, नाव, वर्ग, आसन क्रमांक, मग विषयाचा कोड, अपेक्षित गुण, दिसलेले गुण, आणि पोर्टल कोणत्या तारखेला व किती वाजता पाहिलं. "कुणीतरी चुकीचे गुण भरले" असं लिहू नका. ते तुम्हाला माहीत नाही आणि वाचणारा तिथेच चिडतो. "तफावत दिसते, कृपया मूळ नोंदीशी पडताळून पाहावी" एवढंच. 17 गुण कशावरून म्हणता, याचा कागद हवा: फलकाचा फोटो किंवा शिक्षकांच्या सहीची यादी. नुसतं "सरांनी सांगितलं होतं" चालणार नाही.

जोडपत्रांना क्रमांक द्या. जोडपत्र 1 म्हणजे स्क्रीनशॉट, आणि पुन्हा सांगते, कापलेला नाही, पूर्ण पानाचा. छापल्यावर आसन क्रमांक वाचता येतो का ते स्वतः बघा. येत नसेल तर परत छापा. चुकलेल्या आकड्याभोवती पेनाने गोल करायचा तर प्रतीवर करा, मूळ प्रत कोरी राहू द्या.

विभागप्रमुखांची सही लागते का ते विचारून घ्या. दोन प्रती न्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ईमेल करायचा तर तोही करा, पीडीएफ जोडून.

पोर्टलवर दुरुस्ती दिसली की त्याचंही पूर्ण पान साठवा. उत्तर आलं नाही तर नवा अर्ज नको, जुना आवक क्रमांक टाकून स्मरणपत्र द्या. छापील गुणपत्रिका हातात आली की तिथेच 17 आणि 58 बघून घ्या.