शफलमधले 74 टक्के आणि खरे 52: पर्जिंग मी कशी शिकले

बाजाराच्या किमतींवरून सिग्नल काढायचं काम मला पहिल्यांदा मिळालं, तेव्हा प्रश्न सोपा वाटला होता. आजपर्यंतच्या किमतींवरून पुढच्या 20 ट्रेडिंग दिवसांत भाव वर जाईल की खाली, एवढंच सांगायचं. वर गेला तर लेबल 1, नाहीतर 0. रोजची एक ओळ, एकूण 2500 ओळी. फीचर म्हणून मागच्या 60 दिवसांचा परतावा, 60 दिवसांची अस्थिरता, 200 दिवसांच्या सरासरीपासूनचं अंतर. रँडम फॉरेस्ट लावलं, `KFold` मध्ये 5 फोल्ड आणि `shuffle=True`. अचूकता आली 74 टक्के.

मी आकडा टीमला दाखवला. आमच्या सिनियरने मॉडेलबद्दल एक शब्द विचारला नाही. म्हणाला, "टेस्टमधली कुठलीही एक ओळ काढ."

मी 1210 वी काढली.

"आता 1209 आणि 1211 कुठे आहेत?"

दोन्ही ट्रेनमध्ये होत्या. "त्यांची लेबलं वाच." तिन्हींची लेबलं सारखीच, 1. आणखी पाचसहा ओळी काढून बघितल्या, बहुतेक ठिकाणी तेच चित्र. तो पुढे काही बोलला नाही, बोलायची गरजही नव्हती.

1210 व्या दिवसाचं लेबल 1210 ते 1230 या दिवसांच्या किमतींवरून ठरतं, 1211 चं 1211 ते 1231 वरून. म्हणजे 20 दैनिक परताव्यांपैकी 19 दोघांचे सामाईक. किंमत अगदी निव्वळ यादृच्छिक चालीने हलत असली, तरी लागोपाठच्या दोन लेबलांच्या मागच्या परताव्यांचा सहसंबंध 0.95 निघतो, आणि त्यातून गणित केलं तर दोन्ही लेबलं 10 पैकी 9 वेळा सारखीच असतात. 10 दिवसांच्या अंतरावरही 3 पैकी 2 वेळा. 5 फोल्डमध्ये शफल केल्यावर टेस्टमधल्या ओळीचे दोन्ही शेजारी टेस्टमध्येच जाण्याची शक्यता फक्त 4 टक्के. उरलेल्या 96 टक्के ओळींचा निदान एक सख्खा शेजारी ट्रेनमध्ये बसलेला असतो.

यात फीचरांचाही हात आहे, आणि नवीन माणसाचं लक्ष इथे हमखास जात नाही. 60 किंवा 200 दिवसांची फीचरं एका दिवसात फारशी हलत नाहीत, त्यामुळे फॉरेस्टला 1210 आणि 1211 या जवळजवळ एकच ओळ वाटतात. त्याला बाजाराबद्दल काहीही शिकावं लागत नाही. शेजारी ओळखायचा आणि त्याचं लेबल उचलायचं, एवढंच. म्हणून मॉडेल जितकं लवचीक तितका हा खोटा आकडा फुगतो. त्याच डेटावर साधं लॉजिस्टिक रिग्रेशन फारसं फुगलं नव्हतं, आणि मी तेव्हा त्याला "कमकुवत मॉडेल" म्हणून बाजूला टाकलं होतं!

शफल काढून सलग तुकडे केले की बराचसा घोळ मिटतो. उरतो तो तुकड्यांच्या कडांवर, आणि पर्जिंग त्या कडांसाठीच आहे. हे आणि याच्या जोडीचं एम्बार्गो हे शब्द मार्कोस लोपेझ दे प्रादो यांच्या 2018 च्या लेखनातून रूढ झाले. माझ्या आकड्यांवरच दाखवते, कारण व्याख्या वाचून मला काहीच कळलं नव्हतं.

समजा टेस्टचा तुकडा 1000 ते 1499. डावीकडे ट्रेनमध्ये 0 ते 999, उजवीकडे 1500 ते 2499. आता 990 वी ओळ बघा. ती ट्रेनमध्ये आहे, पण तिचं लेबल 1010 व्या दिवसाच्या किमतीवर ठरलंय. म्हणजे टेस्टमध्ये काय घडलं हे तिला आधीच माहीत आहे. 980 पासून 999 पर्यंतच्या सगळ्या ओळींचं हेच, त्या 20 ओळी काढायच्या. उजवीकडे टेस्टच्या शेवटच्या ओळीचं लेबल 1519 पर्यंत पोचतं, म्हणून 1500 ते 1519 याही काढायच्या. ही झाली पर्जिंग: ज्या ट्रेन ओळीच्या लेबलाचा कालावधी टेस्टच्या लेबलांच्या कालावधीला कुठेही शिवतो, ती ओळ बाद.

एम्बार्गो म्हणजे टेस्टनंतरच्या आणखी काही ओळी काढणं: पर्जिंगनंतर, आणि फक्त उजवीकडे. 1530 व्या ओळीचं लेबल टेस्टला शिवत नाही, पण तिचं 60 दिवसांचं फीचर 1470 पासूनच्या किमतींवर उभं आहे, म्हणजे टेस्टची लेबलं ज्या किमतींतून निघाली त्यांच्यावरच. शिवाय अस्थिरतेसारख्या गोष्टी हळू ओसरतात, म्हणून टेस्टच्या लगेच नंतरचे दिवस टेस्टसारखेच दिसतात. डावीकडे असं अंतर का ठेवत नाहीत, हा प्रश्न मी दोनदा विचारला होता. कारण असं की प्रत्यक्ष वापरातही कालपर्यंतची माहिती तुमच्याकडे असणारच, लेबल पूर्ण झालेलं असलं की झालं. उद्याची मात्र नसणार. एम्बार्गोची सुरुवात म्हणून एकूण ओळींचा 1 टक्का धरायची पद्धत आहे, माझ्या बाबतीत 25.

कोड चार ओळींचा आहे:

```python
def purged_train(t0, t1, test, embargo):
    start, end = t0[test].min(), t1[test].max()
    keep = (t1 < start) | (t0 > end + embargo)
    return np.where(keep)[0]
```

`t0` म्हणजे ओळीच्या दिवसाचा क्रमांक, `t1` म्हणजे लेबल ज्या दिवशी पूर्ण होतं त्याचा क्रमांक. माझ्या उदाहरणात 0 ते 979 आणि 1545 ते 2499 एवढ्या ओळी उरतात, 2000 पैकी 1935. गेल्या फक्त 65. लेबलाचा कालावधी ओळीगणिक बदलत असेल, म्हणजे नफ्याची किंवा तोट्याची पातळी आधी शिवली की व्यवहार बंद असं लेबल असेल, तरी हेच चालतं, फक्त `t1` मध्ये प्रत्यक्ष बंद झालेला दिवस हवा. एक अट लक्षात ठेवा: टेस्टचा तुकडा सलग हवा. शफल केलेला टेस्ट या फंक्शनला दिलात तर ट्रेनमध्ये जवळजवळ काहीच उरणार नाही, आणि एका अर्थी ते बरोबरच आहे.

हे सगळं करून आकडा 55 वर आला. मला वाटलं, आता प्रामाणिक आहे. नव्हता.

मधल्या काळात मी एकाऐवजी 40 शेअर घेतले होते, तारखेप्रमाणे लावून, एकाखाली एक. आणि घाईत स्वतःचं फंक्शन बाजूला ठेवून सायकिट-लर्नचं `TimeSeriesSplit` वापरलं होतं, `gap=20` देऊन. हा `gap` ओळी मोजतो, दिवस नाही. 40 शेअर असताना 20 ओळी म्हणजे अर्धा दिवस! मला हव्या होत्या 20 गुणिले 40, म्हणजे 800. त्यात फोल्डची रेघही एका तारखेच्या मधोमध पडली होती: काही शेअरचा तो दिवस ट्रेनमध्ये, उरलेल्यांचा टेस्टमध्ये, आणि एकाच दिवशी बहुतेक शेअर एकाच दिशेने जातात हे वेगळं सांगायला नको. सापडलं कसं, तर प्रत्येक फोल्डसाठी ट्रेनमधल्या लेबलाची शेवटची तारीख आणि टेस्टची पहिली तारीख शेजारी शेजारी छापली. पहिली दुसरीच्या जवळजवळ महिनाभर पुढे होती. आता तारखांची यादी करून आधी तारखांचे तुकडे करते, मग ओळी उचलते, आणि ही तुलना `assert` म्हणून कोडमध्येच असते.

याच जातीची आणखी एक चूक आमच्याकडे एकाने केली. तारखा वापरताना `pd.Timedelta(days=20)` लिहिलं. पाच दिवसांच्या आठवड्यात 20 ट्रेडिंग दिवस म्हणजे कॅलेंडरचे 28 दिवस, सुट्ट्या आल्या तर जास्तच. आठवडाभराची गळती तशीच राहिली. म्हणून मी दिवसांचे क्रमांक वापरते, तारखा नाही. मॉडेलचं ट्रेनिंग लवकर थांबवायला जो व्हॅलिडेशनचा तुकडा बाजूला काढतो, त्यालाही हीच पर्जिंग लागते. तिथे शफल राहून गेलं, तर कधी थांबायचं हे गळक्या आकड्यावर ठरतं.

आपली पाइपलाइन गळते का हे तपासायचा माझा आवडता मार्ग म्हणजे तिला खोटा बाजार खायला घालणं. `100 * np.exp(np.cumsum(0.01 * np.random.randn(2700)))` ही किमतीची मालिका, बाकी फीचरं, लेबलं, फोल्ड सगळं जसंच्या तसं. इथे शिकण्यासारखं काही नाहीच, म्हणजे उत्तर 50 च्या आसपास यायला हवं. शफलवाल्या जुन्या कोडने इथेही मला 80 च्या घरातला आकडा दिला होता, तेव्हा कुठे ते 74 मनातून पूर्ण उतरलं. एका मालिकेवर विसंबू नका, निदान 50 वेगवेगळे रँडम सीड घेऊन सरासरी काढा. आणि सरासरी 50 च्या थोडी खाली आली तर दचकू नका. टेस्टच्या तुकड्यात पडझड जास्त असेल, तर उरलेल्या भागात त्या मानाने चढ जास्त असतात, मॉडेल "वर" शिकतं आणि टेस्टमध्ये चुकतं. ती गळती नव्हे.

खऱ्या डेटावर मी दुसरी गोष्ट करते: कडेचं अंतर 0, 5, 10, 20, 40 दिवस असं वाढवत आकडा बघते. तो 20 पर्यंत उतरून थांबला तर गळती लेबलांची होती आणि ती बंद झाली. 20 नंतरही उतरतच राहिला, तर फीचरांच्या खिडक्या किंवा एम्बार्गो पुन्हा बघायचा.

सगळं दुरुस्त झाल्यावर माझा आकडा 52 वर बसला. (सुरुवातीचा एकच शेअर, त्याचे 2500 दिवस.) मी आनंदात होते, 50 पेक्षा जास्त आहे ना! 2500 ओळींवर प्रमाण त्रुटी 1 टक्का, म्हणजे दोन प्रमाण त्रुटींइतकं वर. पण पर्जिंग फक्त ट्रेन आणि टेस्टमधली भिंत घालते, टेस्टच्या आत ओळी एकमेकींवर चढलेल्याच असतात. 2500 दिवसांत न चढणाऱ्या 20 दिवसांच्या खिडक्या बसतात 125. त्या हिशोबाने प्रमाण त्रुटी अदमासे 4.5 टक्के. दोन प्रमाण त्रुटी धरल्या तर 52 म्हणजे 43 ते 61 मधलं काहीही.

तो सिग्नल आम्ही वापरला नाही. तेव्हापासून माझ्या तक्त्यात अचूकतेशेजारी ओळींच्या संख्येऐवजी खिडक्यांची संख्या असते.