तुळस-पुदिन्याची मुळं बाटलीत वाढवत बसू नका, बोटाच्या एका पेराएवढी झाली की कुंडीत घ्या

फेब्रुवारी लागला आहे. रात्री अजून गार आहेत, पण दुपारचं ऊन आताच चटका देतंय. होळीनंतर आपल्या जळगाव-धुळ्याकडे कसं तापतं ते सांगायला नको. पुदिना आणि तुळशीच्या काड्या पाण्यात लावून कुंड्या तयार करायच्या असतील, तर हेच पंधरा-वीस दिवस आहेत. हिशोब उलटा धरा. होळीपर्यंत रोप कुंडीत रुळलेलं हवं. त्याआधी आठ-दहा दिवस ते सावलीत हवं आणि त्याआधी आठ ते चौदा दिवस पाण्यात. म्हणजे काडी या आठवड्यात कापायला हवी.

काडी पाण्यात मरत नाही. पाण्यात मुळं जवळजवळ प्रत्येकाची येतात. मरतं ते नंतर, कुंडीत गेल्यावर पहिल्या आठ दिवसांत, आणि दरवर्षी त्याच एका चुकीनं मरतं.

मागच्या मार्चमधली गोष्ट. यावल तालुक्यातल्या एका ताईंनी बचत गटासाठी चाळीस काड्या काचेच्या बरण्यांत लावल्या होत्या, अर्ध्या पुदिन्याच्या, अर्ध्या तुळशीच्या. मुळं आली. पांढरीशुभ्र, बघत राहावीशी वाटणारी. म्हणून त्यांनी ती आणखी वाढू दिली. जवळपास महिना झाला, मुळं वीतभर झाली. मग एका रविवारी सकाळी अकरा वाजता गच्चीवर मळ्यातली काळी माती भरून चाळीसही रोपं लावली, पाणी घातलं आणि कुंड्या तिथेच ठेवल्या. चौथ्या दिवशी मी गेलो तेव्हा सहा जिवंत होती. त्या म्हणाल्या, "मुया तं चांगल्या आल्या व्हत्या भाऊ, मंग काय झालं?"

एक कुंडी उलटी केली. वीतभर मुळं एकमेकांना चिकटून ओल्या सुतळीसारखी तपकिरी झाली होती. काळी माती वाळून आकसली होती आणि मुळांचा गोळा व माती यांच्यामध्ये बोट जाईल एवढी भेग पडली होती. मूळ मातीला लागलंच नव्हतं. वरून पाणी घातलं की ते भेगेतून खाली निघून जायचं.

पाण्यात फुटलेलं मूळ हे मातीतलं मूळ नव्हे, हे एकदा नीट समजून घ्या. पाण्यात मुळाला पाणी शोधावं लागत नाही, त्यामुळे मातीच्या कणाला चिकटून ओल ओढणारे बारीक केस त्याच्यावर फार थोडे असतात. ते नाजूक असतं आणि वाकवलं तर मोडतं. मातीत गेल्यावर रोपाला पुन्हा नवी मुळं फोडावी लागतात आणि तोवर ते जुन्या मुळांवर कसंबसं जगतं. मूळ जितकं लांब आणि जुनं, तितकं ते पाण्याच्या सवयीचं. लावताना ते मोडणार, कुजणार आणि शेजारच्या चांगल्या मुळालाही खराब करणार.

केळीवाल्यांना तर हे वेगळं सांगायला नको. टिश्यू कल्चरचं रोप लॅबमधून काढून कोणी सरळ शेतात लावतं का? आधी शेडनेटमध्ये हार्डनिंग होतं, मगच ते आपल्याकडे येतं. कुंडीतल्या पुदिन्यालाही तेच लागतं, फक्त लहान प्रमाणात.

पाण्यातली कामं थोडक्यात:

- काडी सकाळी कापा, अर्धी वीत लांब, डोळ्याच्या लगेच खाली.
- तुळशीचा कोवळा शेंडा घ्या. मंजिरी आलेली किंवा तपकिरी लाकडी झालेली काडी नको. मंजिरीच असेल तर ती खुडा आणि आठवड्याने बगलेतून नवी फूट आली की ती घ्या.
- बाजारच्या जुडीतला पुदिना चालतो, देठ कडक हवा, खालून काळा पडलेला नको.
- खालची पानं काढा, वर चार-सहा ठेवा. दोन डोळे पाण्यात, पान एकही पाण्यात नको.
- पाणी एक दिवसाआड बदला, दुपार तापायला लागली की रोज.
- काचेला कागद गुंडाळा, नाहीतर शेवाळ धरतं.
- जागा उजेडाची, थेट उन्हाची नको.
- बोअरचं पाणी खारट असेल तर पिण्याचं पाणी वापरा.

एक गोष्ट वेगळी सांगतो, कारण ती श्रद्धेनं केली जाते. तुळशीची काडी तांब्याच्या गडव्यात ठेवू नका. तांबं पाण्यात थोडं थोडं उतरतं आणि कोवळ्या मुळाचं टोक मारतं. काच, प्लास्टिक, स्टील, काहीही चालेल.

पुदिन्याला साधारण आठवड्यात मुळं दिसतात, तुळशीला दहा ते चौदा दिवस लागतात. रात्री फार गार असतील तर तुळस आणखी रेंगाळते, म्हणून तिची बरणी रात्री घरात घ्या. मूळ बोटाच्या एका पेराएवढं झालं, म्हणजे दोन-अडीच सेंटिमीटर, आणि अशी चार-पाच मुळं आली की त्याच संध्याकाळी कुंडीत घ्या. आणखी वाढू देण्याचा मोह होईल, तो आवरा. ज्यांची मुळं आधीच लांब झाली आहेत त्यांनी स्वच्छ कात्रीने दोन पेरं ठेवून बाकी कापून टाका आणि पानंही निम्मी करा. तेवढं कापलेलं परवडतं, कुजलेलं नाही.

काळी माती एकटी कुंडीत भरू नका. शेतात तिची ओल धरायची ताकद आपल्याला तारते, पण कुंडीत तीच माती ओली असताना गच्च बसते आणि वाळली की भेग देऊन मूळ तोडते. एक भाग माती, एक भाग चाळलेलं जुनं शेणखत, एक भाग धुतलेली नदीची वाळू, एवढं पुरे. शेणखत हाताला गरम लागत असेल किंवा वास येत असेल तर ते कच्चं आहे, वापरू नका. तुळशीला आठ-दहा इंचांची कुंडी द्या. पुदिन्याला खोली कमी चालते पण पसारा लागतो, म्हणून भोकं पाडलेलं जुनं घमेलं उत्तम. दोन्ही एकाच कुंडीत लावू नका, पुदिन्याचे धावते फाटे तुळशीची जागा खातात.

आता लावण. माती आदल्या संध्याकाळीच भिजवून ठेवा, रोप लावल्यावर भिजवू म्हणू नका. दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर बोटाने खड्डा करा, त्यात पाणी ओतून चिखल करा आणि मूळ त्यात अलगद सोडा. दाबून घुसवू नका. चिखल मुळाभोवती आपोआप बसतो आणि पोकळी राहत नाही. मी स्वतः लावणीच्या आधी दोन दिवस बरणीच्या पाण्यात चिमूट-चिमूट तीच माती टाकतो. याला पुस्तकाचा आधार मागू नका, पण माझी तशी रोपं कमी मान टाकतात.

मग पहिले आठ दिवस. यातच सगळं आहे. कुंडी सावलीत, वारा थेट लागणार नाही अशा ठिकाणी ठेवा. ओटा चालेल, कडुनिंबाखालची जागा चालेल. गच्ची नको. आपल्याकडे वाफशावर पाणी देतात, पण हे आठ दिवस वाफशापेक्षा जास्त ओल ठेवा. बोटाचं पहिलं पेर मातीत घातलं तर ते ओलसर निघालं पाहिजे, मात्र कुंडीच्या तळाशी पाणी साचता कामा नये. सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं द्या. पहिले तीन दिवस वरून तळ कापलेली प्लास्टिकची बाटली घातली तर पान सुकत नाही, पण झाकण काढून ठेवा आणि त्यावर ऊन पडू देऊ नका, आत रोप शिजतं.

रोप दुपारी मान टाकून संध्याकाळी उभं राहत असेल तर घाबरू नका आणि पाणीही वाढवू नका. सकाळीच मान पडलेली असेल तर मूळ धरलेलं नाही. पानं आणखी कमी करा आणि सावली वाढवा. मातीलगत देठ काळा, मऊ पडला तर ते रोप गेलं. वरचा शेंडा हिरवा असेल तर तो कापून पुन्हा पाण्यात लावा. आठव्या-नवव्या दिवशी देठ दोन बोटांत धरून हलकेच वर ओढा. मातीने धरून ठेवलं आणि शेंड्याला नवी पानं दिसली की रोप रुळलं. तेव्हापासून सकाळचं एक तास ऊन द्या आणि दोन दिवसांआड तासभर वाढवा. मार्चच्या उत्तरार्धापासून दुपारचं ऊन पुदिन्याला नकोच.

या कामाला दुकानातून काहीही आणावं लागत नाही. मुळं फुटायची पावडर म्हणून जी डबी हातात देतात ती डाळिंब, गुलाब अशा लाकडी काड्यांसाठी ठीक. पुदिना-तुळस तिच्याशिवाय फुटतात. ह्युमिक, टॉनिक, "रूट स्पेशल" अशा बाटल्यांनी कोरड्या मातीतलं मूळ वाचलेलं मी पाहिलेलं नाही. देठ काळे पडण्याचा त्रास मागच्या वर्षी झाला असेल तर ट्रायकोडर्मा ५ ग्रॅम एक लिटर पाण्यात मिसळून लावणीच्या वेळी मातीत ओता, तेवढं वाजवी आहे. पुढे उन्हाळ्यात पानांवर बारीक पांढुरके ठिपके आणि खालून जाळी दिसली तर तो कोळी. आधी पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारा. त्याने भागलं नाही तर निंबोळी अर्क ५ टक्के वापरा, म्हणजे ५० ग्रॅम निंबोळी पावडर रात्रभर एक लिटर पाण्यात भिजवून, फडक्याने गाळून, संध्याकाळी फवारा. हे पान आपण चटणीत आणि चहात खातो, तुळशीचं तर कच्चंच तोंडात टाकतो. कपाशीवर मारून उरलेलं औषध यावर मारू नका, थोडंसुद्धा नाही.

त्या ताईंनी नंतर जुलैत, पाऊस लागल्यावर, पुन्हा चोवीस काड्या लावल्या. पेरभर मुळं, चिखलात लावण, आठ दिवस ओट्यावर. एकवीस जगल्या. आता त्यांचा फोन येतो तेव्हा मी एकच विचारतो, मूळ किती झालं. परवा म्हणाल्या, अर्धं पेर. म्हणजे अजून तीन-चार दिवस, आणि माती मात्र आजच चाळून ठेवा असं त्यांना सांगितलं आहे.