व्हर्च्युअल इंटर्नशिपचं सर्टिफिकेट : पैसे भरण्याआधी या चुका टाळा

पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत गेली सात वर्षं मी फ्रेशर्सचे बायोडेटा चाळतो आणि पहिली मुलाखत घेतो. दर हंगामात तेच ते दिसतं. 'वेब डेव्हलपमेंट इंटर्न, एक महिना, रिमोट', खाली क्यूआर कोड असलेलं सर्टिफिकेट आणि कामाच्या नावाखाली कॅल्क्युलेटर, टू-डू लिस्ट, स्वतःचं पोर्टफोलिओ पान. डेटा सायन्सवाला असेल तर टायटॅनिकचे प्रवासी आणि आयरिसची फुलं, म्हणजे सगळेच वापरतात ते सरावाचे डेटासेट. मुलं मेहनती असतात, म्हणूनच मला याचा त्रास होतो. इंटर्नशिप निवडतानाच चूक झालेली असते आणि ती कळते थेट मुलाखतीच्या टेबलावर.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे लोगो बघून विश्वास ठेवणं. जाहिरातीत 'एमएसएमई नोंदणीकृत', 'आयएसओ 9001', 'एआयसीटीई मान्य' असं ओळीने लिहिलेलं असतं आणि घरचेही म्हणतात, सरकारी शिक्का आहे, घे. या शिक्क्यांचा अर्थ नीट समजून घ्या. एमएसएमईची उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट होते. आधार, पॅन आणि स्वतःने दिलेली माहिती एवढ्यावर UDYAM-MH ने सुरू होणारा नंबर मिळतो. आपल्या कोपऱ्यावरचा झेरॉक्सवालाही तो घेऊ शकतो, आणि त्याने तो घ्यावाही. पण त्या नंबरवरून तिथे कुणी शिकवतं का, हे कळत नाही. आयएसओ 9001 हे कामकाजाच्या व्यवस्थेचं प्रमाणपत्र आहे, तुम्ही लिहिलेल्या कोडच्या दर्जाचं नाही. शिवाय आयएसओ ही संस्था स्वतः कुणालाच प्रमाणपत्र देत नाही. ते देणाऱ्या संस्था वेगळ्या असतात आणि त्यांच्यातही डावं-उजवं असतं. एआयसीटीईच्या इंटर्नशिप पोर्टलवर एखाद्या कंपनीचं नाव असणं आणि एआयसीटीईने त्या कार्यक्रमाचा दर्जा तपासून मान्यता देणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग मी काय बघतो? आधी लिंक्डइनवर त्या कंपनीचं पान उघडून `People` वर जातो. नोकरी करणारी माणसं चार आणि 'इंटर्न' लिहिणारे काही हजार असतील, तर त्या कंपनीचा धंदा सॉफ्टवेअरचा नाही, सर्टिफिकेटचा आहे. चार माणसं हजारो मुलांचा कोड वाचूच शकत नाहीत. दुसरं, गिटहबवर त्या कार्यक्रमाचं नाव शोधतो. त्याच नावाच्या, त्याच चार टास्कच्या शेकडो रिपॉझिटरी रांगेने दिसल्या की समजायचं, तिथे दिलेलं काम कुणाच्याच उपयोगाचं नव्हतं. तिसरं, कंपनी 'प्रायव्हेट लिमिटेड' म्हणवत असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या `mca.gov.in` वर नाव टाकून स्थापनेची तारीख बघतो. 'दहा वर्षांचा अनुभव' सांगणारी कंपनी गेल्या वर्षी नोंदलेली निघाली, तर पुढचं काही तपासत बसत नाही. या सगळ्याला मिळून अर्धा तास लागतो.

गेल्या वर्षी एक मुलगा आला होता. बायोडेटावर तीन इंटर्नशिप, तिन्ही जुलै महिन्यातल्या, आणि वर ठळक अक्षरांत 'अनुभव : 3 महिने'. मी त्याच्या कॅल्क्युलेटरबद्दल विचारलं, "यात 0.1 अधिक 0.2 केलं तर काय उत्तर येतं?" तो म्हणाला, "0.3, सर." त्याच्याच लिंकवर आम्ही करून पाहिलं. उत्तर आलं 0.30000000000000004. जावास्क्रिप्टमध्ये साधी बेरीज केली की असंच होतं, कारण दशांश संख्या यंत्रात द्विमान पद्धतीने साठवल्या जातात आणि 0.1 तिथे अचूक बसत नाही. ज्याने कॅल्क्युलेटर स्वतः बनवून चार दिवस वापरला, त्याच्या नजरेला हे कधीतरी पडतंच. आणि ज्याचा कोड एखाद्या जाणत्या माणसाने वाचला, त्याला तर हे सांगितलंच जातं. मी विचारलं, तुझा कोड कुणी तपासला? "गुगल फॉर्ममध्ये लिंक टाकली होती, सर. दोन दिवसांनी सर्टिफिकेट आलं." तिन्ही ठिकाणी तेच. तो मुलगा खोटं बोलत नव्हता. कुणीतरी आपलं काम पाहिलं असेल, असं त्याला खरोखरच वाटत होतं.

दुसरी चूक याहून महागात पडते. असा कार्यक्रम बायोडेटात 'अनुभव' या मथळ्याखाली लिहायचा. आमच्याकडे एक मुलगी निवडली गेली. हुशार, तिचा कोड स्वच्छ, मी स्वतः तिची शिफारस केली होती. तिने एका महिन्याची व्हर्च्युअल इंटर्नशिप अनुभवात दाखवली होती. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनच्या फॉर्ममध्ये मॅनेजरचं नाव आणि एचआरचा ईमेल भरावा लागतो. तिच्याकडे मॅनेजरचं नावच नव्हतं, आणि ईमेल होता साधा जीमेलचा. तपासणाऱ्या एजन्सीने दोनदा मेल केला, उत्तर नाही. सर्टिफिकेटवरचा क्यूआर कोड स्कॅन केला तर वेबसाइटच बंद पडलेली. अहवालात शेरा आला, 'पडताळणी होऊ शकली नाही'. तिचं रुजू होणं तीन आठवडे लांबलं, तिला लेखी खुलासा द्यावा लागला, आणि तेवढे दिवस घरी सगळे हवालदिल. जी ओळ नसती तरी तिची निवड झालीच असती, त्या ओळीने हे घडवलं.

क्यूआर कोडबद्दल एवढंच सांगतो की तो सर्टिफिकेट देणाऱ्यांच्याच वेबसाइटवर नेतो, म्हणजे त्यांचं म्हणणं तेच पुन्हा सांगतात.

सर्टिफिकेटसाठी शेवटी पैसे मागितले तर भरू नका, रक्कम 99 रुपये असली तरी. ऑफर लेटर लिंक्डइनवर हॅशटॅगसह टाकायची अट असेल, तर तुमच्याकडून त्यांची जाहिरात करून घेतली जातेय. फॉर्म भरल्यावर मुलाखतीशिवाय ऑफर लेटर आलं, तर तिथे निवड नावाचा प्रकारच नाही.

आता सगळेच ऑनलाइन कार्यक्रम टाकाऊ आहेत असं मी म्हणत नाही. फोरेज नावाच्या वेबसाइटवर मोठ्या कंपन्यांच्या नावाने जॉब सिम्युलेशन, म्हणजे नोकरीतल्या कामाचा सराव असतो. ही सिम्युलेशन फुकट असतात, आपल्या वेळेनुसार करता येतात आणि काम दिल्यावर नमुना उत्तर दाखवतात. ते स्वतःच सांगतात की हा नोकरीचा अनुभव म्हणून लिहू नये. हा प्रामाणिकपणा मला आवडतो. अशी ओळ सर्टिफिकेटच्या मथळ्याखाली दिसली की मी त्यावर एक प्रश्न हमखास विचारतो, आणि ज्याने मनापासून केलंय तो दहा मिनिटं बोलतो. मात्र तिथेही तुमचं काम कुणी वैयक्तिकरीत्या तपासत नाही, हे लक्षात ठेवा.

माझी सवय सांगतो. पुतण्यालाही हेच करायला लावलं. कुठेही होकार देण्याआधी एक मेल करायचा आणि त्यात तीनच प्रश्न. माझं काम कोण तपासणार, त्यांचं नाव काय? मी बनवलेलं कोण वापरणार? सहा महिन्यांनी एखाद्या कंपनीने चौकशी केली तर कोणत्या ईमेलवरून उत्तर मिळेल? पुतण्याने चार ठिकाणी विचारलं. दोघांनी उत्तरच दिलं नाही, तिसऱ्याने पुन्हा फॉर्मची लिंक पाठवली. चौथी नाशिकमधली सहा माणसांची कंपनी होती. तिथल्या बाईंनी स्वतः फोन केला आणि म्हणाल्या, "सर्टिफिकेट साधंच मिळेल, पण आमच्या बिलिंगच्या पानावरची एक चूक तुला दुरुस्त करावी लागेल." पहिल्या आठवड्यात त्याचा कोड दोनदा परत आला. बायोडेटात त्याने आता तेवढीच ओळ लिहिली आहे : कोणती चूक होती, कशी सापडली, आणि ती कोणी तपासली.