डुकरांचा खुराक: दूध तोडण्यापासून विक्रीपर्यंत या चुका टाळा

शेडवर गेलं की मी आधी खुराकाचं पोतं बघतो, डुकरं नंतर. दहापैकी सात ठिकाणी सगळ्या शेडला मिळून एकच पोतं असतं. कालपरवा आईपासून तोडलेलं बारा किलोचं पिल्लू आणि पुढच्या आठवड्यात गाडीत चढणारा नव्वद किलोचा नग, दोघांच्या गव्हाणीत एकच भरडा. इथे नुकसान दोन्ही बाजूंनी होतं. पिल्लाला प्रथिनं कमी पडतात, मोठ्याला गरजेपेक्षा जास्त मिळतात.

पिल्लाचं अंग मांसाने भरत असतं. त्याचं पोट लहान, दिवसाला जेमतेम अर्धा-पाऊण किलो खातं, म्हणून त्या थोडक्या घासात प्रथिनं दाट लागतात. मोठं डुक्कर रोज अडीच-तीन किलो खातं, त्यामुळे खाद्य पातळ असलं तरी पोटात पुरेशी प्रथिनं जातात. लार्ज व्हाइट यॉर्कशायर किंवा तिच्या संकरित डुकरांसाठी साधा हिशोब असा: दूध तोडल्यापासून 20 किलोपर्यंत 20 टक्के, 20 ते 50 किलोपर्यंत 17 टक्क्यांच्या आसपास, आणि 50 किलोनंतर विक्रीपर्यंत 14 टक्के.

त्यासाठी तीन वेगळी पोती विकत आणायची गरज नाही. मका, गव्हाचा कोंडा आणि सोयाबीनची डीओसी म्हणजे तेल काढलेली पेंड, एवढ्यावर भागतं. लहान पिल्लांच्या 100 किलो मिश्रणात मका 60, कोंडा 8 आणि डीओसी 29 किलो. मधल्या गटाला मका 60, कोंडा 17, डीओसी 20. शेवटच्या गटाला मका 65, कोंडा 20, डीओसी 12. तिन्हींत उरलेल्या तीन किलोंत अडीच किलो खनिज मिश्रण आणि अर्धा किलो मीठ. मक्यात 9, कोंड्यात 15 आणि डीओसीत 45 टक्के प्रथिनं धरून गुणाकार करून बघा. शेवटच्या मिश्रणात 5.85, 3 आणि 5.4 मिळून 14.25 येतात.

आता पैशाकडे बघू. मका 24, कोंडा 25, डीओसी 45 आणि खनिज मिश्रण 80 रुपये किलो धरलं, तर पिल्लांचं खाद्य किलोला साडेएकतीस रुपयांना पडतं आणि शेवटच्या गटाचं 28 ला. 50 वरून 90 किलोला जायला एक डुक्कर साधारण 160 किलो खातं. म्हणजे पिल्लांचं खाद्य शेवटपर्यंत चालू ठेवलं, तर नगामागे साडेपाचशे रुपये वाया जातात. ते जातात कुठे, हे सकाळी शेडचं दार उघडताच कळतं. डोळे चुरचुरत असतील आणि अमोनियाचा वास नाकात बसत असेल, तर जादा प्रथिनं लघवीवाटे बाहेर पडताहेत असं समजा. गटार तुंबलं नसेल तर हीच शंका आधी घ्यावी. उलट पिल्लं केसाळ, पोट सुटलेली आणि एकाच वेताची असून लहानमोठी दिसत असतील, तर आधी जंताचं औषध दिलंय का ते बघा. दिलं असेल तर प्रथिनं कमी पडताहेत.

याहून वाईट चूक म्हणजे गाईचा खुराक डुकराला घालणं. गोठ्यात पशुखाद्याच्या गोळ्यांचं पोतं पडलेलं असतं, त्यावर प्रथिनं 20 टक्के छापलेली, मग काय बिघडतं? बिघडतं असं की गाईच्या खाद्यात काही वेळा युरिया असतो आणि छापील आकड्यात तोही मोजला जातो. गाय रवंथ करते, तिच्या पोटातले जीवाणू युरियापासून प्रथिनं बनवतात. डुकराला ते जमत नाही. सरकी पेंडीचंही तेच. तिच्यातलं गॉसिपॉल डुकराला विषारी, आणि त्रास हळूहळू साचतो: आधी वाढ खुंटते, मग धाप लागते, आणि एके दिवशी चांगलं दिसणारं जनावर मेलेलं सापडतं.

तिसरी गोष्ट विदर्भ-मराठवाड्यात जास्त दिसते. घरचं सोयाबीन आहे, मग पेंड विकत कशाला, म्हणून कच्चे दाणेच दळून घालतात. कच्च्या सोयाबीनमधला घटक प्रथिनांचं पचन अडवतो. पिल्लं खातात, पातळ हगतात आणि वजन मात्र तिथेच. घरचंच वापरायचं असेल तर नीट भाजून वापरा. तरी त्यात तेल राहतं, म्हणून ते डीओसीच्या जागी किलोला किलो बसत नाही.

खुराक बदलताना घाई नको. दूध तोडल्यावर पहिला आठवडा पिल्लाला आधी चाखलेलंच खाद्य द्या. नंतर नवं खाद्य पाव हिस्सा, मग निम्मं, असं पाच-सहा दिवसांत पूर्ण करा. हगवण लागली तर एक पायरी मागे या. हॉटेलचं उरलंसुरलं घालत असाल तर त्यात बहुतेक पाणीच असतं, हे लक्षात ठेवा. बादलीभर खाऊनही पिल्लू उपाशी राहू शकतं. आणि ते अर्धा तास उकळल्याशिवाय घालू नका. 2020 पासून आफ्रिकन स्वाइन फीवर आपल्या देशात आहे, आणि तो डुकराच्या मांसाच्या उष्ट्यातून येतो.

आता विक्री. बरेच जण आठ महिने झाले म्हणून विकतात, किंवा अजून थोडं वाढू दे म्हणून थांबतात. दोन्हींत वजनाचा काटा कुठेच नाही. डुक्कर जसं मोठं होतं तसं ते मांस कमी आणि चरबी जास्त चढवतं, आणि चरबीला खाद्य जास्त लागतं. एका गटाचा शेवटच्या दीड महिन्याचा हिशोब असा. खाद्य 28 रुपये, जिवंत वजनाचा भाव 140. पहिल्या पंधरवड्यात नग 70 वरून 80 किलोला गेला, 40 किलो खाल्लं: खर्च 1120, वाढलेल्या वजनाचे 1400. दुसऱ्यात 80 चा 89 झाला, 43 किलो खाल्लं: खर्च 1204, मिळाले 1260. तिसऱ्यात 89 चा 97 झाला, 46 किलो खाल्लं: खर्च 1288 आणि मिळाले 1120. म्हणजे हा नग 85 ते 90 किलोच्या दरम्यान जायला हवा होता. मजुरी धरली तर दुसऱ्या पंधरवड्यातही हाती काही राहत नाही, आणि जागा अडून राहते ती वेगळीच.

भाव आणि खाद्याचे दर बदलले की ही रेषा सरकते. नाताळाच्या तोंडावर गोव्याकडे भाव चढले, तर आणखी आठ-दहा किलो वाढवणं परवडूही शकतं. तुमचा व्यापारी फार चरबीच्या नगाला भाव पाडत असेल, तर रेषा खाली येते. म्हणून 70 किलोनंतर दर पंधरा दिवसांनी वजन घ्या.

काटा नसेल तर शिंप्याची टेप पुरते. डुक्कर खात असताना मान सरळ असते, तेव्हा पुढच्या पायांमागून छातीचा घेर घ्या, आणि दोन कानांच्या मधून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी. दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 14400. घेर 105 आणि लांबी 110 आली तर सुमारे 84 किलो. चार-पाच किलो इकडेतिकडे होतं, पण दर वेळी टेप एकाच माणसाने धरली तर वाढ किती झाली ते नीट कळतं. एका गटातले दोन-तीन नग नेहमी मागे राहतात. त्यांच्यासाठी सगळ्यांना थांबवू नका, भरलेले आधी काढा. मागच्यांना गव्हाणीवर जागा मोकळी झाली की तेही भराभर खायला लागतात.