मैत्रिणीची स्टोरी बघून पोरगी खचायली? घरात बोलताना या चुका टाळा

दहावीपर्यंत एकाच बाकावर बसलेल्या दोघी मैत्रिणी, निकाल लागला की एक लातूरला नीटच्या क्लासला जाते अन् दुसरी जिंतूरलाच राहते, अशा जोड्या आपल्याकडं दर जूनला गावोगावी फुटतात. मग लातूरवाली रात्री साडेअकराला स्टोरी टाकते, टेबल लॅम्प, उघडं फिजिक्सचं पुस्तक, वर टायमर 11 तास 20 मिनिटं. रविवारी टेस्टचा स्क्रीनशॉट, 720 पैकी 612. इकडं जिंतूरवालीला त्याच आठवड्यात 388 पडलेत. ती स्टोरी ती दोन-तीनदा बघते, फोन पालथा ठेवते आणि आईला म्हणते मला भूक नाही.

मी अकरावी-बारावीला शिकवते त्यामुळं अशी लेकरं दरवर्षी समोर असतात, आणि त्यांचे आईवडील भेटायला येतात तोवर घरी ठरलेली तीन-चार वाक्यं बोलून झालेली असतात. मायेनंच बोललेली असतात, पण उलटी पडतात. त्यातलं सगळ्यात जास्त उलटं पडणारं आधी घेते.

"अगं ते सगळं खोटं असतं"

हे वाक्य हिरो-हिरोइनीच्या फोटोबद्दल एकवेळ चालेल, तेही फार नाही, कारण फिल्टर कसा लावतात हे पोरांना आपल्यापेक्षा जास्त कळतं आणि कळूनही त्यांना वाईट वाटतंच. पण इथं तर मैत्रिणीला 612 खरोखर पडलेत! लिऑन फेस्टिंगर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1954 मध्येच मांडलं होतं की माणूस स्वतःला जोखायला आपल्यासारख्याच माणसाशी तुलना करतो. म्हणून मुंबईच्या कुठल्या इन्फ्लुएन्सरपेक्षा बाकावरची मैत्रीण जास्त टोचते, तीच शाळा, तेच सर, दहावीला चार मार्कांचा फरक आणि आता एवढा. तुम्ही "खोटं" म्हणालात की पोरगी मनात एवढंच ठरवते की आईला यातलं काही कळत नाही, आणि पुढच्या वेळी दाखवतच नाही.

स्टोरी खोटी नाहीये, अर्धवट आहे. आणि हे आपण सांगून उपयोग नाही, तिलाच मोजू द्यायचं. संध्याकाळी मेथी निवडताना, दोघींच्या नजरा भाजीकडं, घरात बाकी कुणी नाही, असं काहीसं बोलणं होऊ शकतं:

"तिची टेस्ट दर रविवारी असते का गं?"

"हो."

"म्हणजे मागच्या महिन्यात चार झाल्या. तू स्टोरी कितींची बघितलीस?"

"एकीचीच."

"मग बाकीच्या तीनचं?"

"मला काय माहीत. कमी पडले असतील."

"असतील नाहीतर नसतील. आपल्याला माहीतच नाही ना."

बस, इथं थांबायचं. "बघ, मी म्हणत नव्हते?" असं चुकूनही म्हणायचं नाही, आणि मैत्रिणीला कमी पडले असतील याचा आनंद तर बिलकूल दाखवायचा नाही, कारण मग तुम्ही तिला एवढंच शिकवता की दुसरी पडली की आपण वर. मुद्दा फक्त एवढा की चारातली एक दिसली आणि बाकी तीन आपल्या डोक्यानं परस्पर भरून टाकल्या.

दुसऱ्या दिवशी किंवा दोन दिवसांनी तिच्या स्वतःच्या अकाउंटवर यायचं, मला तर हा प्रश्न पहिल्यापेक्षा जास्त कामाचा वाटतो. दसऱ्याला साडीतला फोटो टाकला होतास तो कितीतून निवडलास गं? वीस-पंचवीस तरी काढलेले असतातच. मग विचारायचं की औरंगाबादची मावसबहीण (हो, आता संभाजीनगर, पण घरात जीभ वळत नाही) फक्त तुझं अकाउंट बघत असंल तर तिला तुझं आयुष्य कसं दिसत असंल? एका पोरीनं यावर आईला उत्तर दिलं होतं, "तिला वाटत असंल ही नुसती नटून फिरते." हसली, आणि हसता हसता तिचं तिलाच कळलं. आपण पण तेच करतो हे एकदा दिसलं की मैत्रिणीवरचा रागही उतरतो.

"तू तर आमची हुशार बाई आहेस"

पोरगी म्हणते मला डोकंच नाही, की आपण लगेच कौतुकाचं पांघरूण घालतो. तिला ते पटत नाही कारण तिच्या हातात 388 चा कागद आहे, तुम्ही आईबाप आहात म्हणून असं म्हणणारच हे तिला माहितीये, आणि वर बोलणं तिथंच बंद होतं. "हुशार आहेस" म्हटल्यावर ती पुढं काय बोलणार?

"मला डोकं नाही" हे अख्ख्या माणसाबद्दलचं वाक्य आहे, त्याला लहान करायचं. मार्कांचा कागद सोबत बसून उघडा. बायोलॉजी 360 पैकी 214, केमिस्ट्री 180 पैकी 112, फिजिक्स 180 पैकी 62. झाले 388. आता विचारा की यातलं सगळ्यात जास्त कुठं जातंय, ती स्वतःच म्हणेल फिजिक्स. त्यातही चुकलेले किती आणि सोडलेले किती हे बघा, कारण नीटमध्ये बरोबर उत्तराला 4 मिळतात आणि चुकलं की 1 जातो, म्हणजे आठ-दहा प्रश्न अंदाजानं ठोकलेले असतील तर ते पण निघतं. मागच्या टेस्टला एकूण 351 होते असं निघालं तर ते ही तिलाच वाचू द्या, तुम्ही टाळ्या वाजवू नका. अर्ध्या तासात "मला डोकं नाही" वरून "माझं रोटेशनल मोशन कच्चं आहे" इथवर गाडी येते. हे वाक्यही काही आनंदाचं नाही पण यावर काहीतरी करता येतं.

आणि मग ती 612 वाली मैत्रीण कामाची पण होते. स्टोरी बघून जीव जाळण्याऐवजी तिला फोन लाव आणि विचार की फिजिक्सचे प्रश्न ती कशातून सोडवते. वर बघून होणारी तुलना कायम वाईटच असते असं नाही, हे मलापण जमू शकतं असं वाटलं तर तीच तुलना हात देते, नाही वाटलं तर खचवते. फोनवर बोलताना मेसच्या भाजीचं, घरच्या आठवणीचं असं स्टोरीत न येणारं बरंच काही आपोआप निघतं, ते काढायला सांगावं लागत नाही.

आपल्याच घरातून सुरू होणारी तुलना

आता जरा आईवडिलांना बोलते, राग मानू नका. बऱ्याच पोरांना विचारलं की मार्कांची स्टोरी कशाला टाकतेस तर उत्तर येतं, पप्पाला स्टेटसला ठेवायचं असतं. म्हणजे पोरीचे मार्क बापाच्या व्हॉट्सॲप स्टेटसला, ते बघून दुसरा बाप जेवताना म्हणतो "त्यांच्या पोरीला 612 पडले म्हणे", आणि इन्स्टा न उघडता पण तीच तुलना ताटात वाढली जाते. पप्पा "सहजच सांगितलं" म्हणतात. लग्नात काकू गालाला हात लावून "उन्हात किती काळवंडली गं" म्हणतात तेही सहजच असतं.

इथं पोरीशी बोलण्याआधी नवरा-बायकोनं आपसात बोलायला पाहिजे. दोन गोष्टी ठरवा: लेकराला विचारल्याशिवाय त्याचे मार्क किंवा फोटो स्टेटसला नाही, आणि दुसऱ्याच्या लेकराचे मार्क जेवताना नाही. काकूंना पोरीसमोरच हसत सांगा की काकू रंगाचं राहू द्या, तिच्या अभ्यासाचं विचारा. तुम्ही तिथं गप्प बसलात तर लेकरू धरून चालतं की तुम्हालापण तसंच वाटतं.

फोन हिसकावणं

याचं थोडक्यात. हिसकावला की मैत्रिणीच्या फोनवर दुसरं अकाउंट निघतं, आणि पुढं काही वाईट घडलं, कुणी त्रास दिला, तरी घरी सांगत नाही कारण सांगितलं की फोन जाणार. त्यापेक्षा सोबत बसून तिच्या फीडमधल्या दहा-बारा पोस्ट बघा, प्रत्येकीनंतर तिनं फक्त सांगायचं की बरं वाटलं, वाईट वाटलं की काहीच नाही. ज्यांनी दरवेळी वाईटच वाटतं त्यांना म्यूट करायचं: त्या प्रोफाइलवर Following, मग Mute, तिथं पोस्ट आणि स्टोरी दोन्ही. समोरच्याला कळत नाही, मैत्री तुटत नाही, परीक्षेनंतर परत काढता येतं. अनोळखी रीलला Not interested.

वय खरं टाकलेलं असेल तर 18 च्या आतल्यांना इन्स्टा आपोआप टीन अकाउंट देतं, त्यात अकाउंट प्रायव्हेट असतं, 60 मिनिटांनी ॲप बंद करायची आठवण येते आणि रात्री 10 ते सकाळी 7 नोटिफिकेशन बंद राहतात. आपल्याकडं गडबड अशी की अकाउंट काढताना जन्मसाल खोटं टाकलेलं असतं आणि बऱ्याचदा ते दादानं नाहीतर पप्पानंच टाकून दिलेलं असतं. ते आधी तपासा. आणि हे सगळं करूनही एखाद्या लेकराला दोन तास बघून काही होत नाही, एखाद्याला दहा मिनिटं जड जातात, म्हणून तास मोजण्यापेक्षा फोन ठेवल्यावर चेहरा कसा आहे ते बघा.

पोरांचं पण होतं बरं का. जिमची बॉडी, दाढी, बुलेट, गावाकडच्या मित्राची पुण्यातली नोकरी. पण पोरगा रडत नाही तर चिडतो, बहिणीवर खेकसतो, फोटो काढायचा म्हटलं की उठून जातो, आणि घरचे म्हणतात उद्धट झालाय. त्याच्याशी समोर बसवून बोलू नका, गाडीवर मागं बसवून शेताकडं जाताना बोला.

"काही नाही" असं उत्तर आलं तर? तर काही नाही. "बरं, नंतर वाटलं तर सांग" म्हणून सोडा आणि दोन दिवसांनी दुसऱ्या टोकाकडून विचारा.

पण दोन आठवडे होऊन गेले तरी झोप नाही, जेवण नाही, क्लासला जाणं बंद, आवडीच्या गोष्टीपण सोडल्या, तर हा स्टोरीचा विषय राहिला नाही असं समजा. "मी नसते तर बरं झालं असतं" असलं काही बोलली तर आठवडे मोजत बसू नका, सरळ विचारा, "जीव द्यावा असं वाटतं का बाळा?" विचारल्यानं डोक्यात भरतं हा गैरसमज आहे, उलट लेकराला बोलायला वाट मिळते. हो म्हणाली तर त्या रात्री तिला एकटीला सोडू नका, फवारणीच्या औषधाचे डबे घरात असतील तर कुलपात टाका किंवा बाहेर हलवा, आणि टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन लावा, फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. सकाळी जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात घेऊन जा, नातेवाईकांना काय सांगायचं ते नंतर बघू.